साठीनंतरचे स्नायू: खुर्चीपासून सुरू होणारा १२ आठवड्यांचा कार्यक्रम

साठी ओलांडलेल्या माणसाला ‘प्रोटीन वाढवा’ असं सांगणं सोपं असतं. तो डबा आणतो, महिनाभर दुधात पावडर घालून पितो आणि पाय होते तसेच राहतात. यात पावडरीचा दोष नसतो. अमेरिकेत मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. सहभागी झालेल्यांचं सरासरी वय होतं ८७. काहींना फक्त पोषक पेय दिलं, काहींकडून फक्त पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही दिलं, काहींना दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली होती. नुसत्या पेयाने काहीच फरक पडला नव्हता.

म्हणून या लेखात क्रम असा ठेवला आहे: आधी मोजणी, मग व्यायाम, मग ताट. व्यायामातही मुख्य भर एकाच गोष्टीवर आहे, खुर्चीवरून उठण्यावर. वयाबरोबर मांड्यांचे स्नायू लवकर आणि जास्त झिजतात, आणि माणूस परावलंबी होतो तोही बहुधा तिथूनच.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ६६ वर्षांच्या एक बाई आहेत, वजन ६० किलो. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, ती सोडली तर तब्येत ठीक. रोज अर्धा तास चालतात, तरी जिना चढताना हात कठड्याकडे जातो. हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण अशी माणसं मला कायम भेटतात आणि ‘मी तर रोज चालते की’ हे त्यांचं पहिलं वाक्य असतं. चालणं हृदयाला चांगलं, पण त्यात मांडीच्या स्नायूवर रोज तेवढाच आणि हलका भार येतो. स्नायू वाढावा अशी गरजच त्याला पडत नाही.

आधी मोजा

हात नसलेली, साधारण ४३ ते ४५ सेंटिमीटर उंचीची घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे घ्या. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं पाच वेळा जमेल तितक्या लवकर करा आणि वेळ मोजायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा. युरोपातल्या तज्ज्ञगटाच्या निकषाप्रमाणे १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ताकद कमी धरतात. आशियाई तज्ज्ञगट याहून कडक आहे, तिथे १२ सेकंद लागले तरी शंका घेतली जाते.

थोडी विश्रांती घेऊन दुसरी मोजणी: ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं? ६५ ते ६९ या वयात बायकांना ११ पेक्षा कमी आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर ते सरासरीखाली मानतात. आपल्या उदाहरणातल्या बाईंना पाच वेळा उठायला १६ सेकंद लागले आणि ३० सेकंदांत ९ वेळा जमलं. म्हणजे रोज चालूनही पाय कमजोर आहेत.

हात न टेकता एकदाही उठता आलं नाही तर तोही आकडाच आहे, लिहून ठेवा. अशा माणसाने खुर्चीवर घट्ट उशा रचून बैठक उंच करायची आणि तिथून सुरुवात करायची.

वजनकाट्यावर मात्र इथे विसंबू नका. स्नायू घटून त्या जागी चरबी आली तर काटा हलत नाही. शिवाय ताकद स्नायूच्या आकारापेक्षा झपाट्याने जाते, त्यामुळे मांडी दिसायला तशीच आणि जोर मात्र गेलेला, असं सर्रास दिसतं.

सुरुवातीआधी डॉक्टरांना काय विचारायचं

‘मी व्यायाम करू का?’ असं मोघम विचारलं की उत्तरही ‘हो, हलका करा’ असं मोघम मिळतं. नेमकं विचारा: वजन उचलून व्यायाम केला तर चालेल का, आणि दिवसाला ७०-७५ ग्रॅम प्रथिनं माझ्या मूत्रपिंडांना चालतील का? (हा आकडा तुमच्या वजनाप्रमाणे बदलेल, हिशेब पुढे आहे.) दुसऱ्या प्रश्नासाठी रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर हा आकडा पाहतात. तो ३० च्या खाली असेल आणि डायलिसिस चालू नसेल, तर प्रथिनं वाढवायची नाहीत. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. मूत्रपिंडं निरोगी असतील तर इथे सांगितलेल्या प्रमाणाने ती बिघडत नाहीत.

छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल किंवा हर्निया असेल तर आधी परवानगी घ्या. हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेला असेल तर व्यायाम टाळायचा नसतो, पण वजन धरून पाठीतून पुढे वाकायचं मात्र नाही. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामानंतर साखर उतरू शकते हे लक्षात ठेवावं आणि गोड काहीतरी जवळ ठेवावं.

आठवड्यातले दोन दिवस

सोमवार आणि गुरुवार, असे मधे दोन-तीन दिवसांचं अंतर असलेले वार धरा. स्नायू व्यायामाच्या वेळी वाढत नाही, नंतरच्या दिवसांत वाढतो. रोज थोडं थोडं करण्यापेक्षा दोन दिवस नीट करणं नवख्याला मानवतं.

व्यायाम पाचच घ्यायचे. खुर्चीवरून उठणं, भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून ढकलणं, म्हणजे उभ्याने जोर, दाराच्या मजबूत कडीला रबरी बँड अडकवून तो पोटाकडे ओढणं, जमिनीवरून किंवा ठेंगण्या स्टुलावरून पिशवी उचलणं, आणि टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. बाकीचे चार मी इथे थोडक्यात उरकतो, कारण खुर्चीचा व्यायाम नीट समजला की हीच रीत सगळ्यांना लागू होते. फक्त पिशवी उचलताना एक पथ्य: कंबर मागे ढकलत खाली जायचं, पाठ सरळ ठेवायची आणि पिशवी पायाला जवळजवळ घासत वर आणायची.

आता खुर्ची. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खांद्याएवढ्या अंतरावर घ्या आणि गुडघ्याच्या किंचित मागे ओढा. पाय पुढे राहिले तर उठताना झोका द्यावा लागतो, आणि मग मांडीचं काम तो झोकाच करतो. छाती पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की श्वास सोडत उठा. वर पूर्ण सरळ व्हा. खाली येताना मनात एक, दोन, तीन म्हणत सावकाश टेका. नवखे लोक शेवटची वीतभर धप्पकन बसतात. त्या शेवटच्या वीतभरातच सगळ्यात जास्त ताकद लागते, म्हणून ती चुकवायची नाही.

श्वास रोखून धरू नका. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम वर जातो, आणि गोळ्या चालू असलेल्यांना नंतर उभ्या उभ्या चक्कर येऊ शकते. मोठ्याने आकडे मोजत उठलात तर श्वास आपोआप सुटत राहतो.

किती जोर लावायचा, हा खरा प्रश्न. एका दमात जितक्या वेळा करता त्याला सेट म्हणतात. सेट संपला तेव्हा स्वतःला विचारा, ‘याच पद्धतीने अजून किती जमले असते?’ उत्तर दोन किंवा तीन आलं तर वजन बरोबर आहे. सात-आठ जमले असते तर तो व्यायाम स्नायूच्या दृष्टीने झालाच नाही. एकही जमला नसता तर जास्त झालं. ज्येष्ठांच्या बाबतीत पहिली चूकच फार होते. गुलाबी रंगाचे अर्ध्या किलोचे डंबेल हातात देऊन वीस-वीस वेळा हलवायला सांगतात आणि वर्षभर त्याच डंबेलवर ठेवतात.

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, आठ ते दहा वेळा, आणि तोही जरा हलकाच. सांधे आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात, त्यांना वेळ द्या. तिसऱ्या आठवड्यापासून दोन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं बसून विश्रांती. सातव्या-आठव्या आठवड्यापासून खुर्चीचे तीन सेट केले तर पुरे. सगळं मिळून पाऊण तासाच्या आत आटपतं.

वजन कधी वाढवायचं? एखाद्या व्यायामाचे १२ नीट जमायला लागले आणि सलग दोन वारी जमले, की पुढच्या वेळी थोडं वाढवा. आकडा परत आठ-नऊवर येईल, तो यायलाच हवा. तिथून पुन्हा बारापर्यंत चढत जायचं.

त्या बाईंचे १२ आठवडे

पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी खुर्चीवर पाच सेंटिमीटरची घट्ट उशी ठेवली. आठ वेळा उठल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, तिसऱ्या दिवशी जास्त, चौथ्या दिवशी उतरल्या. नव्या व्यायामाने स्नायूचं दुखणं असंच येतं आणि जातं. तिसऱ्या आठवड्यात उशी काढली, आठ-आठचे दोन सेट. चौथ्याच्या अखेरीस सलग दोन वारी १२ झाले, म्हणून पाचव्यात दोन किलोची पिशवी छातीशी कवटाळून उठायला सुरुवात केली.

इथे उजवा गुडघा कुरकुरायला लागला. अशा वेळी बहुतेक जण व्यायाम सोडतात किंवा दात-ओठ खाऊन तसाच रेटतात. एक साधा नियम वापरा: शून्य ते दहाच्या मापात दुखणं तीनपर्यंत असेल, व्यायाम करताना वाढत जात नसेल आणि २४ तासांत मूळ पदावर येत असेल, तर चालू ठेवायला हरकत नाही. त्यांचं दुखणं पाचावर जात होतं. समोरून पाहिलं तर उठताना दोन्ही गुडघे आत वळत होते. मांड्यांभोवती सैलसर बँड बांधून तो गुडघ्यांनी बाहेर ताणत उठायला लावलं, वजन आठवडाभर काढून टाकलं आणि उशी परत आणली. सहाव्या आठवड्याच्या शेवटी दुखणं दोनवर आलं, मग पुन्हा दोन किलो घेतले. सांधा सुजला, गरम लागला किंवा रात्री झोपमोड होण्याइतका दुखला, तर मात्र हा नियम बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवायचं.

आठव्या आठवड्यात ताप आला आणि पाच दिवस अंथरुणात गेले. वृद्धांच्या स्नायूंना अंथरुण फार महाग पडतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला होता. म्हणून आजारपणातही उठता येईल तसं दर थोड्या वेळाने खुर्चीवरून चार-पाच वेळा उठा-बस करायची आणि अन्नातली प्रथिनं कमी होऊ द्यायची नाहीत. ताप उतरल्यावर त्या चार किलोवरून तीनवर आल्या आणि एका सेटने सुरुवात केली. आठवड्याभरात पूर्वपदावर.

बाराव्या आठवड्यात सहा किलो छातीशी धरून दहा-दहाचे तीन सेट होत होते. पुन्हा मोजणी केली: पाच वेळा उठायला साडेअकरा सेकंद, ३० सेकंदांत १३ वेळा. वजन तेच, ६० किलो. यातला पहिल्या पाच-सहा आठवड्यांचा फायदा मुख्यतः मज्जासंस्थेचा असतो, मेंदू आहे तेच तंतू जास्त संख्येने कामाला लावायला शिकतो. प्रत्यक्ष स्नायू भरायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे मांडीवर टेप लावून दर आठवड्याला निराश होण्यात अर्थ नाही.

ताट: न्याहारीपासून दुरुस्ती

तरुण माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं धरतात. साठीनंतर १.० ते १.२ ग्रॅम लागतात, आणि आजारातून उठताना १.५ पर्यंत. कारण म्हातारा स्नायू मंद प्रतिसाद देतो. तरुण शरीरात २० ग्रॅम प्रथिनांनी जेवढी बांधणी सुरू होते, तेवढ्यासाठी इथे एका जेवणात अधिक लागतात, साधारण दर किलो वजनामागे ०.४ ग्रॅम. व्यायामानंतर दिवस-दोन दिवस हाच स्नायू जास्त दाद देतो. नुसत्या पावडरीने काही होत नाही त्याचं कारण हेच.

व्यायामाचे बारा आठवडे आणि ताटाची दुरुस्ती बरोबरच सुरू करायची. बाईंचा हिशेब केला: ६० किलोला १.२ ने गुणलं की ७२ ग्रॅम, म्हणजे तीन वेळा २४-२४. त्या काय खात होत्या? सकाळी दोन टोस्ट आणि दुधाचा चहा, फार तर ८ ग्रॅम. दुपारी शिजवलेल्या डाळीच्या दोन वाट्या, थोडा भात आणि चमचा-दोन चमचे दही, साधारण २० ग्रॅम. रात्री सूप आणि ब्रेड, १० ग्रॅम. मधलं खाणं धरून सगळे मिळून चाळिशीच्या आसपास. आणि त्यातला निम्मा भाग एकाच वेळी. हाच नमुना मला वारंवार दिसतो: दुपार बरी, सकाळ रिकामी.

सकाळी टोस्ट तेच ठेवले आणि दोन अंडी (१२ ग्रॅम) आणि एक मोठा पेला दूध (८ ग्रॅम) वाढवलं. टोस्टचे ५ मिळून २५ झाले. दुपारी डाळ तशीच आणि दही २०० ग्रॅम केलं, त्यातून ७ ग्रॅम येतात. एकूण २५ च्या घरात. रात्री १०० ग्रॅम मासा किंवा चिकन, २० ते २५ ग्रॅम. फक्त शाकाहार असेल तर १५० ग्रॅम घट्ट टोफू किंवा ४० ग्रॅम कोरडे सोया चंक भिजवून, यांतूनही २० ग्रॅमपर्यंत मिळतात. हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत, दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे व्हायचेच. एकदा तीन दिवस किचनमधल्या काट्यावर मोजून पाहा, नंतर डोळ्यांना अंदाज येतो.

शाकाहाऱ्यांना एक अडचण असते. स्नायूची बांधणी सुरू करणारं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल डाळी-धान्यांत प्रमाणाने कमी असतं, आणि डाळीतून २४ ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर पोट आधीच भरतं. त्यासाठी दूध, दही आणि सोया यांचा आधार घ्यावा. एवढं करूनही आकडा गाठता येत नसेल, भूकच लागत नसेल किंवा दात साथ देत नसतील, तर पावडरीला तिथे जागा आहे. व्हे प्रोटीनच्या एका मापातून साधारण २० ते २५ ग्रॅम मिळतात. ती सकाळच्या रिकाम्या जागी वापरा, भरल्या दुपारी नको. पावडर व्यायामानंतर अर्ध्या तासातच प्यायली पाहिजे, असं काही नाही.

प्रथिनांच्या नादात भात-पोळी-ब्रेड तोडू नका. एकूण उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनंच इंधन म्हणून जाळतं. साठीनंतर वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणाऱ्यांचं जे वजन उतरतं त्यात स्नायूचा मोठा वाटा असतो. वजन उतरवायचंच असेल तर सावकाश आणि हा व्यायाम चालू ठेवूनच.

काहीतरी चुकतंय हे कसं ओळखायचं

आठ आठवडे झाले आणि पिशवीतलं वजन वाढलंच नाही, तर सेटच्या शेवटी किती शिल्लक राहतात ते प्रामाणिकपणे तपासा. बहुधा तिथेच उत्तर मिळतं. शरीराचं वजन उतरायला लागलं, तर तीन दिवसांचा खाण्याचा हिशेब पुन्हा काढा. व्यायाम आणि खाणं दोन्ही ठीक असूनही ताकद घटतेय, किंवा सहा-बारा महिन्यांत काहीही न करता वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर हा स्नायूंच्या वयाचा प्रश्न नसू शकतो. थायरॉइड, मधुमेह, चालू असलेली औषधं, कधी त्याहून गंभीर काही, यांचा शोध डॉक्टरांनी घ्यायला हवा. व्यायाम करताना छातीत दाब आला, दम नेहमीपेक्षा वेगळा लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी तिथेच थांबून मदत मागवा. मांड्या प्रमाणाबाहेर सुजून दुखत असतील आणि लघवी काळपट झाली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बारा आठवड्यांनंतर खुर्चीची मोजणी दर तीन महिन्यांनी एकदा करा आणि वजन वाढवण्याचा नियम तोच ठेवा. प्रवास किंवा पाहुण्यांमुळे काही आठवडे वेळ मिळत नसेल तर सेट कमी करा, पिशवीतलं वजन कमी करू नका. आठवड्यातून एकच दिवस, पण पूर्वीच्याच वजनाने केलात, तर मिळवलेली ताकद काही आठवडे बऱ्यापैकी टिकते. वजनच उतरवलं तर तीन दिवस करूनही ती हळूहळू उतरत जाते.